एका नावाचे दोन नामांक

२००१ साली तमिळनाडूच्या राजकारणातल्या सर्वांत चर्चेतल्या नावात एक अक्षर वाढलं. तोवर इंग्रजीत JAYALALITHA असं लिहिलं जाणारं नाव शेवटी आणखी एक 'ए' लावून JAYALALITHAA असं लिहिलं जाऊ लागलं. यामागे अंकज्योतिष आहे, असं वृत्तपत्रांनी छापलं आणि पुढे ते सगळ्यांनीच धरून चालायला सुरुवात केली. तमिळ लिपीतलं नाव होतं तसंच राहिलं. उच्चारही बदलला नाही. बदललं ते फक्त रोमन लिपीतलं स्पेलिंग.

त्या एका अक्षरानं काय साधतं हे कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही पाहता येतं. भारतातल्या बहुतेक अंकज्योतिष्यांकडे असलेल्या खाल्डियन तक्त्यानं हिशेब केला, तर जुन्या स्पेलिंगची बेरीज २२ येते आणि नव्याची २३. या पद्धतीत २२ हा इशाऱ्याचा अंक मानतात. दुसऱ्यांच्या मूर्खपणावर विसंबून फसणाऱ्या भल्या माणसाचं चित्र त्याच्याशी जोडलेलं आहे. २३ला मात्र 'सिंहाचा राजतारा' म्हणतात. वरिष्ठांचं साहाय्य आणि हाती घेतलेल्या कामात यश, असं त्याचं फळ सांगतात. एका 'ए'मुळे माणूस खड्ड्यातून थेट सिंहासनावर जाऊन बसतो.

आता तेच नाव दुसऱ्या, पायथागोरियन तक्त्यावर ठेवून पाहावं. जुनं स्पेलिंग ३७ देतं. ३ आणि ७ मिळून १०, म्हणजे अखेर १. या पद्धतीत १ हा नेतृत्वाचा, स्वतंत्र बाण्याचा अंक आहे. नवं स्पेलिंग ३८ देतं, त्याचे होतात ११, आणि ११ला ही पद्धत अंतःप्रेरणेचा, हळव्या संवेदनेचा अंक समजते. म्हणजे पायथागोरियन अंकज्योतिष्याला विचारलं असतं, तर राजकारणातल्या व्यक्तीनं जुन्याच स्पेलिंगला हात लावू नये, असा सल्ला मिळणं अगदी शक्य होतं.

नाव एक, अक्षरं तीच, बेरीज करण्याची रीतही तीच, आणि तरी निकाल दोन. घराघरांत हा अनुभव येतो. बाळाच्या नावाचं स्पेलिंग एका ज्योतिष्याकडून 'काढून' आणलं जातं आणि मोबाइलवरचं एखादं अॅप त्याच नावाला वेगळा अंक देऊन मोकळं होतं. मग कुणाचं तरी गणित चुकलं असणार, असं वाटतं. बहुतेक वेळा गणित कुणाचंच चुकलेलं नसतं. दोघांच्या हातातले तक्ते वेगळे असतात.

इथे एक गोष्ट आधी बाजूला काढून ठेवायला हवी. अंकज्योतिषात मूलांक आणि भाग्यांक जन्मतारखेवरून काढतात. तारखेत मुळातच अंक असतात, त्यामुळे त्यांची बेरीज कोणत्याही पद्धतीत सारखीच येते. १५ तारखेला जन्मलेल्याचा मूलांक सगळीकडे ६ असतो. मतभेद उद्भवतो तो नामांकात, कारण तिथे आधी अक्षराचा अंक करावा लागतो, आणि कुठल्या अक्षराला कुठला अंक द्यायचा हे माणसानं ठरवलेलं असतं.

दोन्ही तक्ते असे आहेत:

```
अंक   खाल्डियन      पायथागोरियन
१     A I J Q Y     A J S
२     B K R         B K T
३     C G L S       C L U
४     D M T         D M V
५     E H N X       E N W
६     U V W         F O X
७     O Z           G P Y
८     F P           H Q Z
९     (कोणी नाही)    I R
```

उजवीकडचा तक्ता कळायला काही सेकंद पुरतात. एबीसीडी क्रमानं लिहायची आणि खाली १ ते ९ आकडे पुन्हा पुन्हा मांडत जायचं. 'ए'ला १, 'आय'ला ९, 'जे'पासून पुन्हा १, 'आर'ला ९, 'एस'पासून पुन्हा १. अक्षराचा वर्णमालेतला क्रमांक हाच त्याचा अंक. डावीकडचा तक्ता मात्र विस्कटलेला दिसतो. 'एफ' आणि 'पी' दोघांना ८ का? 'सी' आणि 'जी' एकाच घरात कसे? 'झेड'ला ७ कशासाठी? आणि नऊचं घर रिकामं का?

अंकज्योतिषाच्या पुस्तकांत शेवटच्या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर असतं. ९ हा पवित्र अंक असल्यामुळे प्राचीन खाल्डियन ज्ञात्यांनी तो कोणत्याही अक्षराला दिला नाही. उरलेल्या प्रश्नांना सहसा गूढ कंपनांचा हवाला मिळतो. पण हा तक्ता हिब्रू वर्णमालेशेजारी ठेवला की जवळजवळ सगळी कोडी एका बैठकीत सुटतात.

हिब्रू लिपीत बावीस अक्षरं आहेत आणि ती अंक म्हणूनही वापरली जात. आलेफ १, बेत २, गिमेल ३, दालेत ४, हे ५, वाव ६, झाइन ७, खेत ८, तेत ९. पुढे दहा-दहाची उडी: योद १०, काफ २०, लामेद ३०, मेम ४०, नून ५०, सामेख ६०, आइन ७०, पे ८०, त्सादी ९०. मग शंभराची: कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. या अंकांवरून शब्दांची बेरीज करायची ज्यू परंपरेतली रीत म्हणजे गेमात्रिया. आता या किमतींवरची शून्यं पुसून टाकावीत आणि प्रत्येक हिब्रू अक्षराच्या जागी त्याच्याशी नातं सांगणारं रोमन अक्षर बसवावं. योदच्या जागी आय, जे आणि वाय: १. काफच्या जागी के: २. वावच्या जागी यू, व्ही, डब्ल्यू: ६. हिब्रूतलं पे हे एकच अक्षर 'प' आणि 'फ' दोन्ही उच्चारांसाठी चालतं, म्हणून पी आणि एफ दोघांना ८. झाइन ७ म्हणून झेड ७. कोफ, रेश, शिन, ताव यांच्यावरून क्यू १, आर २, एस ३, टी ४. एकटा 'एक्स' या हिशेबात नीट बसत नाही. बाकी 'खाल्डियन' तक्ता म्हणजे रोमन लिपीचे कपडे चढवलेला गेमात्रिया आहे.

नऊचं रिकामं घरही त्यातच उलगडतं. हिब्रूत नऊच्या घरात दोन अक्षरं होती: ९ किमतीचं तेत आणि ९० किमतीचं त्सादी. तेतचा उच्चार 'ट'सारखा, पण रोमन 'टी' आधीच तावच्या घरात जाऊन बसला होता. आणि त्सादीसाठी इंग्रजीत अक्षरच नाही. त्यामुळे नऊच्या वाट्याला कुणीच आलं नाही. पावित्र्याचं स्पष्टीकरण मागाहून चिकटलेलं दिसतं.

मग दोन्ही तक्त्यांत नातं काहीच नाही का? आहे, आणि ते फार जवळचं आहे. सव्वीस अक्षरांपैकी दहा अक्षरांच्या किमती दोन्हीकडे अगदी सारख्या आहेत. ए, बी, सी, डी, ई हा पहिला गट आणि जे, के, एल, एम, एन हा दुसरा. हा योगायोग नाही. हिब्रू आणि रोमन या दोन्ही लिपी फिनिशियन लिपीच्या वंशातल्या, म्हणून दोन्हींचा अक्षरक्रम मुळात एकच होता. आलेफ, बेत, गिमेल, दालेत, हे हा क्रम म्हणजेच ए, बी, सी, डी, ई. योद, काफ, लामेद, मेम, नून हे हिब्रूतलं दहावं ते चौदावं अक्षर. जे, के, एल, एम, एन हेही इंग्रजीतलं दहावं ते चौदावं. क्रम जुळला, म्हणून अंक जुळले.

क्रम जिथे बिघडला, तिथे अंकही फुटले. रोमन लिपीच्या वाटेवर सामेखची जागा गळाली, त्यामुळे त्यापुढची अक्षरं एका घरानं मागे सरकली. आइनपासून आलेला 'ओ' हिब्रूच्या हिशेबात सोळावा, म्हणजे ७. इंग्रजीत तो पंधरावा, म्हणजे ६. 'पी'चंही तसंच, ८ऐवजी ७. पुढे त्सादीही गळालं आणि फरक दोन घरांचा झाला. 'आर' तिकडे विसावा म्हणून २, इकडे अठरावा म्हणून ९. 'एस' तिकडे ३, इकडे १. 'टी' तिकडे ४, इकडे २. 'झेड'ची गोष्ट तर आणखी मजेची आहे. जुन्या क्रमात तो सातव्या जागी होता. रोमन लोकांना तो फारसा लागत नव्हता, म्हणून त्यांनी तो काढला आणि त्याच्या जागी 'सी'पासून बनवलेला 'जी' आणून ठेवला. पुढे ग्रीक शब्दांसाठी 'झेड' पुन्हा लागला तेव्हा त्याला शेवटची जागा मिळाली. खाल्डियन तक्त्यात 'झेड' अजून आपल्या जुन्या सातव्या घरात आहे आणि 'जी' आपल्या आईच्या, म्हणजे 'सी'च्या घरात. पायथागोरियन तक्त्यात सातवं घर 'जी'चं झालं आहे. दोन तक्त्यांमधली तफावत म्हणजे लिपीच्या प्रवासात कुठलं अक्षर कुठे गळालं आणि कुठलं नव्यानं घुसलं याची नोंद आहे.

नावांबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. प्राचीन मेसोपोटेमियात नावाला अंक जोडण्याची कल्पना होती, याचा एक शिलालेखी पुरावा आहे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात असीरियाचा राजा दुसरा सारगॉन यानं खोर्साबादच्या आपल्या नव्या राजधानीच्या तटाची लांबी १६,२८३ हात ठेवली आणि ती आपल्या नावाच्या अंकाइतकी असल्याचं कोरून ठेवलं. पण तो अंक कसा काढला हे तिथे सांगितलेलं नाही, आणि असीरियन लेखन कीलाकार चिन्हांचं होतं, एबीसीडीचं नव्हतं. आजच्या तक्त्याचा धागा तिथवर पोचत नाही.

हा तक्ता जगभर पोचवला तो कीरोनं. आयर्लंडमध्ये १८६६ साली जन्मलेला विल्यम जॉन वॉर्नर 'काउंट लुई हॅमन' आणि 'कीरो' या नावांनी लंडनच्या उच्चभ्रू मंडळींचा हस्तरेषातज्ज्ञ झाला. तरुणपणी आपण मुंबईला उतरलो आणि कोकणातल्या एका चित्पावन ब्राह्मणाकडे हस्तसामुद्रिक शिकलो, असं तो सांगे. त्याच्या अंकांवरच्या पुस्तकात हा अक्षरतक्ता आणि १० ते ५२ या संयुक्त अंकांची फळं आहेत. वर आलेला 'सिंहाचा राजतारा' त्यातलाच. भारतात कीरोची पुस्तकं घरोघरी वाचली गेली, आणि आपल्याकडच्या बहुसंख्य अंकज्योतिष्यांचा नामांक आजही याच वाटेनं जातो.

दुसऱ्या पद्धतीला पायथागोरसचं नाव आहे, पण त्या ग्रीक तत्त्ववेत्त्यानं स्वतः लिहिलेलं काहीच उरलेलं नाही, आणि तो ग्रीक लिपीतला माणूस होता. त्याच्या नावाचा तक्ता इंग्रजी सव्वीस अक्षरांशिवाय उभाच राहत नाही. 'जे' हे 'आय'पासून वेगळं अक्षर म्हणून सोळाव्या-सतराव्या शतकात रुळलं. 'जे' नसता तर 'के' दहाव्या जागी येऊन त्याला १ मिळाला असता, आणि पुढची सगळी रांग एकेक घर सरकली असती. हा तक्ता लोकप्रिय झाला तो अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अटलांटिक सिटीत राहणाऱ्या एल. डाउ बॅलिएट या लेखिकेच्या पुस्तकांतून. इंग्रजी संकेतस्थळं आणि अॅप बहुधा हाच वापरतात. ज्योतिष्याचं आणि अॅपचं जमत नाही, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

तक्ता हा पहिला फाटा झाला. दुसरा फाटा कोणतं नाव मोजायचं, या प्रश्नावर फुटतो. पायथागोरियन पद्धतीत जन्मदाखल्यावरचं पूर्ण नाव घ्यायचं, असा दंडक आहे. खाल्डियन पद्धतीत माणूस ज्या नावानं ओळखला जातो ते नाव. मराठी माणसाच्या बाबतीत याचा परिणाम मोठा होतो, कारण आपल्या कागदोपत्री नावात मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि हाक मारताना ते गळतं.

सगळ्यांना पाठ असलेलं नाव घेऊ: सचिन रमेश तेंडुलकर.

```
                खाल्डियन                          पायथागोरियन
SACHIN      ३+१+३+५+१+५ = १८              १+१+३+८+९+५ = २७
RAMESH      २+१+४+५+३+५ = २०              ९+१+४+५+१+८ = २८
TENDULKAR   ४+५+५+४+६+३+२+१+२ = ३२        २+५+५+४+३+३+२+१+९ = ३४
```

जगाला माहीत असलेलं 'सचिन तेंडुलकर' एवढंच घेतलं, तर खाल्डियन बेरीज ५०, म्हणजे ५. वडिलांच्या नावासह ७०, म्हणजे ७. पायथागोरियन तक्त्यानं छोट्या नावाचे ६१, म्हणजे ७, आणि पूर्ण नावाचे ८९, म्हणजे १७, म्हणजे ८. आपापल्या पद्धतीचे नियम काटेकोर पाळले, तर एक अंकज्योतिषी ५ सांगेल आणि दुसरा ८. एखाद्यानं तक्ता एकीकडचा आणि नाव दुसरीकडचं अशी सरमिसळ केली, तर तो ७ सांगेल. विशेष म्हणजे सरमिसळ कुठल्याही बाजूनं केली तरी ७च येतात, त्यामुळे त्याला आपलं उत्तर दोनदा पडताळून पाहिल्यासारखं वाटेल.

या कोष्टकात आणखी एक गंमत आहे. नुसतं 'सचिन' मोजलं तर खाल्डियन १८ आणि पायथागोरियन २७, दोन्हींचा अखेरचा अंक ९. पद्धती जुळल्याचा हा भास आहे. अंकांची बेरीज करत एका अंकापर्यंत येणं म्हणजे ९नं भागून उरलेली बाकी पाहणं. बाकी शून्य आली की तिला ९ म्हणायचं, एवढाच फरक. 'सचिन'मध्ये तक्ता बदलल्यावर 'एस' २नं घटतो, 'एच' ३नं आणि 'आय' ८नं वाढतो. एकूण फरक बरोबर ९चा, म्हणून बाकी तीच राहिली. घरं नऊच असल्यामुळे दोन तक्त्यांचा निकाल ढोबळमानानं नऊ नावांत एकदा असा आपोआप जुळणारच. जुळला म्हणजे अंक 'पक्का' झाला, असं म्हणायला आधार नाही.

आणि जुळलेल्या अंकावरही एकमत होईलच असं नाही. तिसरा फाटा इथे लागतो. KAMAL हे नाव घ्यावं. त्यातलं प्रत्येक अक्षर त्या सामाईक दहांपैकी आहे, त्यामुळे दोन्हीकडे २+१+४+१+३, बेरीज ११. आता वाद कशाला व्हावा? पण पायथागोरियन मंडळी ११, २२ आणि ३३ यांना 'मास्टर नंबर' मानतात आणि त्यांची पुढे बेरीज करत नाहीत. ११ म्हणजे असामान्य अंतर्दृष्टी. कीरोच्या यादीत मात्र ११ हा अशुभसूचक आहे. छुपे धोके आणि इतरांकडून दगाफटका असं त्याचं फळ, आणि पुढे बेरीज करून मूळ अंक २. २२चंही असंच. एकीकडे तो इशारा, तर दुसरीकडे मोठी कामं उभारणाऱ्याचा दुर्मीळ अंक. कमल नावाच्या मुलीच्या आईवडिलांना एका दारात अभिनंदन ऐकायला मिळेल आणि दुसऱ्या दारात स्पेलिंग बदलण्याचा सल्ला.

आद्याक्षरांनीही हिशेब फिरतो. तमिळनाडूच्या त्या नावाआधी नेहमी 'जे.' हे आद्याक्षर लिहिलं जायचं. ते मोजलं, तर जुनं स्पेलिंगच २३वर येतं. म्हणजे सिंहाचा तारा जादा 'ए' न लावताही तिथे होता, आणि 'ए' लावल्यावर बेरीज २४ झाली. २४ही कीरोच्या यादीत शुभच आहे, पण आद्याक्षर मोजायचं की नाही यावर बदलाची गरजच पालटते.

चौथा फाटा खास आपला आहे. दोन्ही तक्ते रोमन अक्षरांचे, आणि मराठी नाव देवनागरीतलं. 'पुणे' हे नाव मराठीत वर्षानुवर्षं तेच आहे. रोमन लिपीत ते PUNE असं लिहिलं, तर खाल्डियन २४, म्हणजे ६, आणि पायथागोरियन २०, म्हणजे २. इंग्रजी अमदानीतलं POONA घेतलं, तर अनुक्रमे २८ म्हणजे १ आणि २५ म्हणजे ७. एका शहराचे चार नामांक झाले.

दीर्घ स्वर कसे लिहायचे, इथे दोन तक्ते उलटसुलट वागतात, आणि ते ध्यानात ठेवण्याजोगं आहे. दीर्घ ईकारासाठी कुणी 'आय' लिहितं, कुणी 'डबल ई'. खाल्डियन तक्त्यात 'डबल ई'चे ५ आणि ५ मिळून १०, म्हणजे १, आणि 'आय'चाही १. त्यामुळे SUNIL लिहा किंवा SUNEEL, बेरीज १८ किंवा २७, नामांक ९च. पायथागोरियन तक्त्यात SUNILचे २१, म्हणजे ३, पण SUNEELचे होतात २२, आणि एकदम 'मास्टर नंबर' हाती येतो. ऊकाराचं नेमकं उलट आहे. पायथागोरियनमध्ये 'डबल ओ'चे १२, म्हणजे ३, आणि 'यू'चेही ३. म्हणून PUJA आणि POOJA दोन्हींचा नामांक ३. खाल्डियनमध्ये मात्र PUJA १६ म्हणजे ७, आणि POOJA २४ म्हणजे ६. स्पेलिंगमधला जो बदल एका पद्धतीत सगळं नशीब पालटतो, तो दुसरीत मोजलाच जात नाही.

'एच' हे अक्षरही मराठी नावांत वारंवार येतं, कारण श, भ, ध, घ, ठ, छ यांतलं एकही त्याच्याशिवाय रोमन लिपीत उतरत नाही. देवनागरीत जिथे एक अक्षर असतं तिथे रोमनमध्ये आणखी एक 'एच' मोजला जातो, आणि त्याची किंमत एका तक्त्यात ५ तर दुसऱ्यात ८.

अक्षरांना अंक देण्याची आपली स्वतःची पद्धतही होती, हे या चर्चेत सहसा कुणाला आठवत नाही. कटपयादी पद्धतीत क, ट, प आणि य यांपासून प्रत्येक ओळीत १पासून मोजत जातात. स्वरांना मोल नाही, आणि अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे. केरळच्या ज्योतिर्गणितज्ञांनी ग्रहगणितातल्या लांबलचक संख्या त्यातून श्लोकांत बांधल्या, आणि कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळकर्त्यांच्या नावांच्या पहिल्या दोन अक्षरांतून त्यांचे क्रमांक निघतात. या पद्धतीनं 'पुणे' म्हणजे प १, ण ५, उलट वाचून ५१. कटपयादीचा उपयोग संख्या लक्षात ठेवण्यासाठी होता. त्यातून कुणाचं भविष्य निघतं, असा दावा त्या गणितज्ञांनी केला नव्हता.

नामांकानं आयुष्यात काही फरक पडतो, असं कसोटीवर उतरलेल्या कोणत्याही पाहणीत दिसलेलं नाही, आणि वरच्या हिशेबानंतर अशी पाहणी करणं मुळातच का अवघड आहे तेही कळतं. तक्ता कुठला, नाव कुठलं, आद्याक्षर धरायचं का, ११वर थांबायचं का, आणि स्पेलिंग कुठलं, या पाच ठिकाणी निवड मोकळी असेल, तर बहुतेक नावांतून हवा तो अंक काढता येतो. एखाद्या यशस्वी माणसाच्या नावात मागाहून शुभ अंक सापडतो तो याच मोकळीकीमुळे.

तरीही ज्यांना नामांक काढून घ्यायचा आहे, त्यांना समोरचा कोणत्या तक्त्यानं चालतो हे एका अक्षरावरून ओळखता येतं. 'आय'ची किंमत विचारावी. १ सांगितली तर खाल्डियन, ९ सांगितली तर पायथागोरियन. छापील अहवाल हातात असेल, तर एखाद्या अक्षराखाली ९ लिहिलेला दिसतो का ते पाहावं. खाल्डियनमध्ये तो अक्षराखाली कधीच येत नाही, फक्त बेरजेत येतो. एकाच अहवालात 'आय'खाली १ आणि 'आर'खाली ९ दिसले, तर तक्त्यांची सरमिसळ झाली आहे आणि तो अहवाल कोणत्याच पद्धतीचा नाही. त्यानंतर विचारायचं ते एवढंच, की कागदावरचं पूर्ण नाव मोजलं की रोजचं.

हे प्रश्न स्पेलिंग बदलण्याआधी विचारलेले बरे, कारण बदलाचा खर्च अंकांत नसतो, कागदांत असतो. महाराष्ट्रात नाव अधिकृतपणे बदलायचं तर शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्यावं लागतं, आणि मग आधार, पॅन, पासपोर्ट, बँकेची खाती, शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं अशी एकेक दुरुस्ती सुरू होते. पॅनवर एक 'ए' आणि आधारवर दोन असतील, तर दोन्ही जोडताना नाव जुळत नसल्याचा शेरा येतो. परदेशच्या व्हिसासाठी गुणपत्रिका आणि पासपोर्ट यांतलं स्पेलिंग वेगळं असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. अनेक जण म्हणूनच मधला मार्ग काढतात. नवं स्पेलिंग दुकानाच्या पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर किंवा चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वापरतात आणि कागदपत्रांवर जुनंच ठेवतात. खाल्डियन पद्धतीला ते चालतं, कारण तिला रुळलेलं नाव हवं असतं. पायथागोरियन पद्धतीच्या लेखी मात्र तो माणूस जन्मदाखल्यावर जो अंक घेऊन आला, त्याच अंकाचा राहतो.